तळटीप : सहा गुणांचा स्प्रेड म्हणजे जिंकण्याची किती शक्यता?

* लेखकाने ‘−६’ या स्प्रेडवरून थेट ६९ टक्के लिहिले आहे. मधली पायरी अशी. एनबीएच्या सामन्यात यजमान संघ सहा गुणांनी वरचढ धरला, तर प्रत्यक्ष फरक सहाच्या आसपास विखुरतो. या विखुरण्याचे प्रमाण विचलन साधारण १२ गुण असते. संघ जिंकायला फरक शून्याच्या वर हवा, आणि शून्य हे सहापासून ६ ÷ १२ = ०.५ प्रमाण विचलन खाली आहे. प्रसामान्य वक्राच्या कोष्टकात ०.५ समोर ०.६९१५ सापडते, म्हणजे ६९ टक्के.

चूक होते ती १२ या आकड्यात. पुष्कळ जण सगळ्या सामन्यांच्या अंतिम फरकांचे विचलन काढतात. ते मोठे येते, कारण त्यात संघांच्या ताकदीतली तफावतही मिसळलेली असते. प्रत्येक सामन्याच्या फरकातून त्याचा स्प्रेड वजा करावा आणि उरलेल्या संख्यांचे विचलन घ्यावे. १२ऐवजी १५ धरले, तर हीच शक्यता साडेपासष्ट टक्क्यांवर घसरते.

वक्र शून्याजवळ मात्र थोडा फसवतो. बास्केटबॉलमध्ये बरोबरी राहत नाही, जादा वेळ खेळवला जातो. वक्रानुसार असे सामने शंभरात तीनच निघतात. प्रत्यक्षात ते अधिक असतात, कारण मागे पडलेला संघ शेवटच्या मिनिटात मुद्दाम फाउल करून आणि तीन गुणांचे फटके मारून बरोबरी गाठू पाहतो. — संपा.