निविदा भरावी की नाही? निर्णयवृक्षाचे गणित

धाराशिव जिल्ह्यात विहीर खोदताना खाली मुरूम लागेल की कठीण काळा पाषाण, हे आधी नेमके सांगता येत नाही. ठोक रकमेच्या कामात हा धोका कंत्राटदाराचाच असतो. अशा वेळी निर्णयवृक्ष उपयोगी पडतो.

समजा, निविदा १२ लाखांची आहे. मुरूम लागल्यास खर्च ९ लाख, म्हणजे नफा ३ लाख; पाषाण लागल्यास खर्च १४ लाख, म्हणजे तोटा २ लाख. परिसरातील १० विहिरींपैकी ४ ठिकाणी पाषाण लागला असेल, तर या दोन फांद्यांची शक्यता अनुक्रमे ६० व ४० टक्के धरावी. वृक्षाचे गणित टोकाकडून मुळाकडे करतात. त्यानुसार काम मिळाल्यास अपेक्षित नफा १ लाख ८० हजार वजा ८० हजार, म्हणजे १ लाख रुपये. काम मिळण्याची शक्यता ४० टक्के असल्यास तो ४० हजारांवर येतो. निविदा अर्ज व पाहणीचे १० हजार वजा जाता ३० हजार उरतात, निविदा भरावी. अनामत रक्कम परत मिळत असल्याने ती खर्चात धरू नये.

पाषाणाची शक्यता ५५ टक्क्यांच्या वर गेली, की हेच गणित तोट्यात जाते. शिवाय सर्वांत कमी दर आपलाच ठरला, तर इतरांना पाषाणाचा अंदाज आधीच आला असण्याचा संभव असतो. ३० हजार ही केवळ सरासरी आहे. एका कामातील २ लाखांचा तोटा पेलणार नसेल, तर निविदा न भरणेच इष्ट.