खोदून विचारणे (मुलाखततंत्र)

नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराने गोल, सर्वसाधारण उत्तर दिले असता त्यावर लगेच दुसरा प्रश्न, त्यावर तिसरा, असे पाठोपाठ विचारत जाऊन त्याने स्वतः नेमके काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले येथवर पोहोचण्याची रीत. मनुष्यबळ विभागातील मंडळी हिला ‘प्रोबिंग’ म्हणतात. उलटतपासणीशी तिचे वरवर साम्य असले तरी हेतू वेगळा आहे. उलटतपासणीत साक्षीदाराचे म्हणणे मोडायचे असते. येथे उमेदवाराला जे सांगता आलेले नाही ते त्याच्याकडून सांगवून घ्यायचे असते.

या पद्धतीचे मूळ मुलाखतीच्या खोलीत नसून विमानतळावर आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलातील वैमानिकांच्या निवडीचे काम होते. १९४१ मध्ये प्रशिक्षणातून काढून टाकलेल्या एक हजार उमेदवारांचे अहवाल तपासले गेले. निर्णयशक्ती कमी, स्वभाव अयोग्य, उड्डाणाची उपजत जाण नाही, अशी कारणे त्यांत वारंवार आढळली. कोणत्या उड्डाणात काय चुकले, हे त्यांतून कळत नव्हते, त्यामुळे पुढच्या तुकडीची निवड सुधारायला या कागदांचा उपयोग फारसा नव्हता. तेव्हा मते गोळा करणे सोडून घडलेले प्रसंग गोळा करायचे, असे ठरले. १९५४ मध्ये फ्लॅनगन यांनी ही पद्धत लेखरूपाने मांडली. पुढे १९८२ मध्ये टॉम जांझ यांनी गतकाळातील वर्तनावर आधारलेल्या मुलाखतीची इतर मुलाखतींशी तुलना केली. परिस्थिती, काम, कृती आणि परिणाम या चार टप्प्यांचे, इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘स्टार’ म्हणून ओळखले जाणारे सूत्र आज अनेक भरती-प्रशिक्षणांत शिकवतात. मात्र सूत्र पाठ असणे आणि खोदता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूत्र उमेदवारांनाही पाठ असते.

गोल उत्तर कानाने ओळखावे लागते, आणि मराठीत त्याच्या खुणा बऱ्यापैकी ठरलेल्या आहेत. पहिली खूण कर्त्याची: ‘आम्ही केलं’, ‘आमच्याकडे होतं’, ‘करण्यात आलं’. दुसरी काळाची: ‘मी नेहमी समजावतो’, ‘आम्ही भेटी द्यायचो’. ही सवयीची वाक्ये आहेत. एका दिवशी एकदा घडलेल्या गोष्टीबद्दल त्यांत काहीच नाही. ‘असं झालं तर मी आधी वरिष्ठांना कळवीन’ हे वाक्य तर भूतकाळाबद्दल विचारलेल्या प्रश्नाला भविष्यकाळात दिलेले उत्तर आहे. तिसरी खूण मोजमापाची: ‘बराच फरक पडला’, ‘चांगला प्रतिसाद मिळाला’. नवखा मुलाखतकार अशा वाक्यावर मान हलवतो आणि यादीतला पुढचा प्रश्न घेतो. पुढे वहीत ‘संवादकौशल्य चांगले’ अशी नोंद पडते आणि फ्लॅनगन यांना सापडलेल्या अहवालांची पुनरावृत्ती होते.

हे तंत्र कसे चालते ते दिसावे म्हणून एक रचलेले उदाहरण घेऊ. स्थळ आंबेगाव तालुक्यातील पेठ. पुणे-नाशिक रस्त्यावरील या गावाच्या आसपासचे सातगाव पठार खरीप बटाट्यासाठी ओळखले जाते. वेफर्स कंपन्यांसाठी करारावर बटाटा लावणारे शेतकरीही येथे आहेत. पाऊस रेंगाळला, धुके पडले की करपा येतो, हे येथील शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. अशा भागात शेतांना भेटी देणाऱ्या क्षेत्र-सहायकाच्या जागेसाठी मुलाखत चालू आहे असे समजा. उमेदवाराने दोन हंगाम हेच काम दुसरीकडे केले आहे.

मुलाखत घेणाऱ्या बाई विचारतात, “एखाद्या शेतकऱ्याचं पीक अडचणीत आलं, असा एक प्रसंग सांगा.”

“मॅडम, आमच्याकडे करपा येतोच. आम्ही शेतकऱ्यांना वेळेवर मार्गदर्शन करतो, त्यामुळे नुकसान टळतं.”

उत्तर खोटे नाही, पण शेत नाही, दिवस नाही, कर्ता नाही आणि नुकसान किती टळले तेही नाही. चारही भोके एका प्रश्नात बुजवू नयेत. बाई आधी फक्त शेत मागतात.

“त्यातलं एकच शेत घ्या. अगदी अलीकडचं आठवेल ते.”

“गेल्या ऑगस्टमधलं आहे. कुरवंडीकडचं, दोन एकराचं. आठवडाभर झड लागली होती. त्यांचा फोन आला, पानांवर काळे डाग दिसतायत म्हणून.”

“फोन आल्यावर तुम्ही काय केलंत?”

“आमच्या टीमने लगेच भेट दिली आणि फवारणी करायला सांगितली.”

येथे ‘टीम’ आली. नेमक्या याच ठिकाणी बहुतेक मुलाखती पुढे सरकतात. बाई थांबतात.

“भेटीला कोण कोण होतं? आणि त्यातलं तुमच्या वाट्याला काय आलं?”

उमेदवार जरा घुटमळतो. “आमचे साहेब आणि मी. औषध साहेबांनीच सांगितलं.” बाई काही बोलत नाहीत. मग तो सांगू लागतो, “मी शेत फिरून बघितलं. खालच्या अंगाला पाणी साचलं होतं, तिथंच डाग जास्त होते. मी त्यांना चर काढायला लावला. आणि त्याच संध्याकाळी बांधाला लागून असलेल्या चौघांना फोन केले, की उद्या सकाळी खालची पानं उलटून बघा. एकाकडे डाग निघाले.”

पहिल्या उत्तरात नव्हते ते आता सापडले. औषध सांगण्याचे श्रेय उमेदवाराचे नव्हते, पण शेजारच्या शेतांचा विचार त्याचाच होता, आणि क्षेत्र-सहायकाच्या कामात तोच अधिक मोलाचा. खोदले नसते तर जे त्याचे नव्हते त्याचे गुण त्याला मिळाले असते आणि जे त्याचे होते ते वहीत आलेच नसते. एवढा उलगडा झाला तो मधल्या शांततेमुळे. चार-पाच सेकंद गप्प बसणे हाही या तंत्रात प्रश्नच धरला जातो, आणि बोलक्या मुलाखतकाराला तोच सर्वांत जड जातो.

परिणामाची बाजू उरते. “मग शेवटी काय झालं?” या प्रश्नावर उमेदवार म्हणतो, “पहिल्या शेताचा खालचा अर्धा एकर गेलाच. शेजारच्याचं पीक वाचलं.”

“वाचलं, हे कशावरून?”

“काढणीच्या वजनाच्या पावत्या माझ्याकडेच यायच्या. एकरी शंभरेक पिशव्या निघाल्या, पन्नास किलोच्या. त्याच्या आदल्या वर्षी एकशे दहा होत्या.”

“तुमच्या फोनखेरीज दुसरं काही कारण असेल का?”

“पाऊसही चार दिवस उघडला होता, मॅडम. त्याचाही हात असेल.”

हा शेवटचा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आकडा मिळाला की मुलाखतकाराचे समाधान होते. पण आकडा म्हणजे परिणाम झाल्याची खूण. तो उमेदवारामुळेच झाला याचा पुरावा नव्हे. पावसाची उघडीप मोकळेपणाने कबूल करणारा माणूस शेतावरून खरी बातमी आणील, असा अंदाज त्यातून बांधता येतो. आदल्या वर्षापेक्षा कमी निघालेला आकडा त्याने लपवला नाही, हीदेखील नोंद घेण्यासारखी गोष्ट.

खोदताना उत्तर आपणच तोंडात घालणे ही नेहमीची चूक आहे. “मग तुम्ही शेजाऱ्यांनाही कळवलं असेल ना?” असे बाईंनी विचारले असते तर कोणताही उमेदवार हो म्हणाला असता आणि ती माहिती कायमची बाद झाली असती. ‘का’ने सुरू होणारे प्रश्नही जपून वापरावेत. “साहेबांना का नाही सांगितलंत?” यात जाब विचारल्याचा सूर येतो आणि माणूस बचावाला लागतो, “तेव्हा तुमच्या डोक्यात काय चाललं होतं?” असे विचारले तर तीच माहिती राग न येता मिळते. एकाच भोकावर दोन-तीनदा विचारूनही काही निघाले नाही, तर त्या प्रसंगात उमेदवाराचे स्वतःचे फारसे काही नव्हते असे धरावे आणि दुसरा प्रसंग मागावा. चौथ्यांदा विचारले की माणूस उत्तर बनवू लागतो. बनवलेल्या उत्तराची एक ओळख अशी की त्यात तपशील वाढतो, पण पहिल्या तपशिलाशी जुळत नाही: झड लागलेल्या आठवड्यातच फवारणी वाळली म्हणून सांगितले जाते. नोंद उमेदवाराच्या शब्दांत करावी आणि गुण मुलाखत संपल्यावर द्यावेत. मधेच गुण ठरले की पुढचे प्रश्न ते गुण खरे ठरवण्यासाठी विचारले जातात.

‘आम्ही’ म्हणणारा प्रत्येक जण काही लपवत नसतो. गावाकडे, विशेषतः बचत गटातून किंवा घरच्या शेतीतून आलेल्या बायका, स्वतःचे काम ‘मी’ लावून सांगणे उद्धटपणाचे मानतात. “सगळ्यांनी मिळून केलं” यापुढे त्या जात नाहीत. त्यांना “तुम्ही एकटीने काय केलंत?” असे विचारण्यापेक्षा “त्या दिवशी सकाळपासून तुमचा हात कशाकशाला लागला?” असे विचारले तर फुशारकी न मारता उत्तर देता येते. शहरी, सराईत उमेदवाराची अडचण उलटी असते. त्याचा ‘मी’ पहिल्या वाक्यापासून तयार असतो आणि प्रसंग घोकलेला असतो. तेथे कडेचा प्रश्न उपयोगी पडतो: त्या बैठकीत विरोध कोणी केला, तुमची कोणती सूचना फेटाळली गेली. घोकलेल्या गोष्टीत विरोधक सहसा नसतात.

या तंत्रावरील सर्वांत वजनदार आक्षेप निवडशास्त्राच्या आतूनच आलेला आहे. मुलाखत जितकी आखीव, सर्वांना सारखे प्रश्न आणि उत्तरांना ठरलेली गुणपट्टी, तितकी ती कामातील यशाचा अंदाज चांगला देते, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसले आहे. पॉल सॅकेट व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये केलेल्या फेरआढाव्यात आखीव मुलाखतीचा कामगिरीशी सहसंबंध सरासरी ०.४२ आला, तर मोकळ्या मुलाखतीचा ०.१९. आता ऐन वेळी सुचलेले पाठप्रश्न ही मोकळी गोष्ट झाली. एका उमेदवाराला सहा, दुसऱ्याला एकच, तोही मुलाखतकाराच्या आवडीप्रमाणे. म्हणून काही तज्ज्ञ पाठप्रश्नांवर मर्यादा घालतात किंवा ते पूर्ण बंद करतात. आक्षेप खरा आहे, पण उपाय टोकाचा वाटतो. मधला मार्ग असा की पाठप्रश्नांचे साचे आधीच छापून ठेवावेत (कोणता प्रसंग, तुमचा वाटा, काय झाले, कशावरून) आणि प्रत्येक उमेदवाराच्या उत्तरातील चारही जागा भरेपर्यंत तेच वापरावेत. प्रश्नांची संख्या कमीजास्त होईल, पण मोजपट्टी एकच राहील.

ज्याने काम केलेलेच नाही त्याच्यापुढे ही रीत फारशी चालत नाही. शाळा-कॉलेजातले किंवा घरचे प्रसंग घेता येतात, नाहीतर काल्पनिक परिस्थिती देऊन काय कराल असे विचारावे लागते. ऐकलेले खरेच घडले का, हेही मुलाखतीच्या खोलीत कळत नाही. त्यासाठी पूर्वीच्या ठिकाणी फोन करावा लागतो. आणि एक प्रसंग नीट उकलायला दहा-बारा मिनिटे सहज जातात. अर्ध्या तासाच्या मुलाखतीत असे दोनच प्रसंग घ्यावेत.