तुटलेले दुवे : क्रॉलरद्वारे शोध व दुरुस्ती

तुटलेले दुवे : संकेतस्थळाच्या एखाद्या पृष्ठावर दिलेला जो दुवा वाचकास इष्ट पृष्ठापर्यंत, फाइलीपर्यंत अथवा चित्रापर्यंत पोहोचवीत नाही, त्यास तुटलेला दुवा म्हणतात. दुव्यामागील पत्त्याची मागणी सर्व्हरकडे गेली, की सर्व्हर एका तीन अंकी क्रमांकाने आपले उत्तर कळवितो : 200 म्हणजे वस्तू मिळाली, 301 म्हणजे ती कायमची अन्यत्र हलविली आहे, 404 म्हणजे ती सापडली नाही आणि 410 म्हणजे ती हेतुपूर्वक काढून टाकली आहे. दुव्यांच्या तपासणीचा सारा व्यवहार या क्रमांकांच्या वाचनावर चालतो.

अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपृष्ठांपैकी ३८ टक्के पृष्ठे दहा वर्षांनंतर उपलब्ध राहिली नव्हती. अशा नाहीशा झालेल्या पृष्ठांकडे निर्देश करणारे दुवे मात्र शाळांच्या व लेखकांच्या संकेतस्थळांवर जसेच्या तसे राहतात.

क्रॉलरची कार्यपद्धती : क्रॉलर हा आज्ञावलीचा एक प्रकार असून तो मुखपृष्ठापासून आरंभ करतो, त्यावरील प्रत्येक दुव्याच्या पत्त्याची मागणी करतो, आणि जे पत्ते त्याच संकेतस्थळाचे असतील ती पृष्ठे उघडून त्यांवरील दुव्यांचाही माग घेतो. बाहेरच्या पत्त्यांबाबत तो केवळ उत्तराचा क्रमांक नोंदवितो व तेथून पुढे जात नाही. स्क्रीमिंग फ्रॉग हे या कामाचे प्रसिद्ध साधन ५०० पत्त्यांपर्यंत विनामूल्य वापरता येते. पायथन भाषेत लिहिलेले लिंकचेकर हे मुक्त साधन पुढील आज्ञेने चालते :

```
linkchecker --check-extern -F csv https://shala.example/
```

यातील `--check-extern` हा पर्याय गाळल्यास बाहेरचे दुवे तपासले जात नाहीत. तपासाचा तक्ता `linkchecker-out.csv` या फाइलीत मिळतो. त्यातील `urlname` या रकान्यात सदोष दुवा, `parentname` मध्ये तो ज्या पृष्ठावर आढळला ते पृष्ठ आणि `result` मध्ये सर्व्हरचे उत्तर असते. सर्व्हर लहान असल्यास मागण्यांचा वेग मर्यादित ठेवावा, अन्यथा तपासणीच्या भारानेच पृष्ठे उत्तर देईनाशी होतात व चांगले दुवेही सदोष म्हणून नोंदले जातात.

तपासणीपूर्वी एक चाचणी अवश्य घ्यावी : मुद्दाम एखादा अस्तित्वात नसलेला पत्ता मागून सर्व्हर 404 देतो किंवा नाही, हे पाहावे.

```
curl -I https://shala.example/he-nahi
```

काही संकेतस्थळे अशा वेळी ‘पृष्ठ सापडले नाही’ असा मजकूर दाखवितात, परंतु क्रमांक मात्र 200 हाच पाठवितात. तसे असल्यास क्रॉलरला त्या संकेतस्थळाचे स्वतःचे सर्वच दुवे निर्दोष भासतात. म्हणून प्रथम सर्व्हरची ती व्यवस्था दुरुस्त करावी.

अहवालाचे वाचन : अहवालातील ओळींची संख्या म्हणजे दोषांची संख्या नव्हे. समजा, एका शाळेचे १२० पृष्ठांचे संकेतस्थळ विंडोज सर्व्हरवरून लिनक्स सर्व्हरवर, वर्डप्रेसमध्ये हलविले असता अहवालात १८६ ओळी आल्या. दुवा ज्या पृष्ठावर आहे त्यानुसार ओळी लावल्या, तर प्रत्येक पृष्ठ सदोष दिसेल व काम अवाढव्य वाटेल. परंतु `urlname` या रकान्यानुसार, म्हणजे लक्ष्यानुसार, क्रम लावला असता त्यांचे तीन गट पडतात. माहितीपुस्तिकेचा तळपट्टीतील एकच दुवा प्रत्येक पृष्ठावर आल्यामुळे १२० ओळी झाल्या आहेत. जुन्या सूचनांच्या फोल्डरचे नाव बदलल्याने ४१ ओळी उद्भवल्या आहेत आणि उरलेल्या २५ ओळी बाहेरच्या संकेतस्थळांच्या आहेत.

पहिल्या गटाचे कारण अक्षरभेदात सापडते. फाइलीचे नाव `Prospectus.PDF` असताना दुव्यात `prospectus.pdf` असे लिहिले होते; विंडोज सर्व्हर सामान्यतः लहानमोठ्या रोमन अक्षरांत भेद करीत नाही, लिनक्स सर्व्हर करतो. तळपट्टीच्या साच्यात एका ठिकाणी दुरुस्ती केली, की १२० ओळी निकालात निघतात.

पुनर्निर्देशन : दुसऱ्या गटात केवळ आपल्या पृष्ठांवरील दुवे बदलून भागत नाही, कारण जुने पत्ते पालकांच्या संदेशांत, छापील पत्रकांत व शोधयंत्रांच्या सूचीत राहिलेले असतात. सूचनांचे संपूर्ण फोल्डर नव्या नावाखाली, परंतु आतील फाइलींची नावे न बदलता हलविले असेल, तर अपाची सर्व्हरच्या `.htaccess` या फाइलीत एक ओळ पुरते :

```
Redirect 301 /notices /suchana
```

हा नियम पत्त्याचा केवळ आरंभ पाहतो व उरलेला भाग तसाच पुढे जोडतो. म्हणून `/notices/2019.pdf` ही मागणी `/suchana/2019.pdf` कडे वळते. वर्डप्रेस या फाइलीतील आपला विभाग स्वतः पुन्हा लिहीत असल्यामुळे ही ओळ `# BEGIN WordPress` या खुणेच्या वर ठेवावी. सर्वच हरवलेले पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळविण्याची तजवीज मात्र करू नये. वाचकास हवी असलेली सूचना तेथे नसते आणि तुटलेला दुवा अहवालातूनही अदृश्य होतो. पुनर्निर्देशनाचे नियम किमान एक वर्ष कायम ठेवावेत, असे गूगलचे मार्गदर्शन आहे.

देवनागरी पत्ते : मराठी संकेतस्थळांवर दोषाचे आणखी एक कारण संभवते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ रोमन चिन्हांच्या रूपाने लिहिले जाते, आणि वर्डप्रेस लेखाच्या पत्त्यातील नावास २०० चिन्हांची मर्यादा घालते. परिणामी साधारण बावीस देवनागरी चिन्हांनंतर नाव तुटते. संपूर्ण शीर्षकावरून अनुमानाने लिहिलेला दुवा त्यामुळे चुकतो. तसेच ‘दुसऱ्या’ या शब्दातील जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकित होते. डोळ्यांना ती दोन्ही रूपे एकसारखी दिसली, तरी सर्व्हरच्या लेखी ते पत्ते भिन्न होत. अहवालात दिसायला अचूक असा देवनागरी पत्ता 404 देत असेल, तर तो हाताने न टंकता मूळ पृष्ठ उघडून तेथून घ्यावा. नव्या लेखांना आरंभापासून लहान रोमन नाव देणे अधिक सुरक्षित होय.

बाहेरचे दुवे : तिसऱ्या गटातील प्रत्येक पत्ता ब्राउझरमध्ये उघडून पाहणे आवश्यक असते. अनेक मोठी संकेतस्थळे क्रॉलरची मागणी 403 अथवा 429 हा क्रमांक देऊन नाकारतात, परंतु वाचकास तीच पृष्ठे विनासायास दिसतात. कित्येकदा उत्तरास केवळ विलंब झालेला असतो. आपल्या उदाहरणात २५ पैकी १४ दुवे असे निर्दोष निघाले, ६ पृष्ठे अन्य पत्त्यांवर सापडली आणि ५ खरोखर नष्ट झाली होती. नष्ट पृष्ठाची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये उपलब्ध असल्यास त्या प्रतीचा दुवा द्यावा व ती जुनी प्रत असल्याचे नमूद करावे. प्रतही नसल्यास दुवा काढून वाक्य त्यानुसार बदलावे. दुरुस्तीनंतर क्रॉलर पुन्हा चालवून, उरलेल्या प्रत्येक ओळीचा खुलासा करता येतो, याची खातरजमा करावी.

मर्यादा : ज्या पृष्ठाकडे कोठूनच दुवा जात नाही, ते क्रॉलरला सापडत नाही आणि जावास्क्रिप्टने पृष्ठ उघडल्यावर निर्माण होणारे दुवे साध्या क्रॉलरला दिसत नाहीत. याहून गंभीर बाब अशी, की एखाद्या संस्थेने नूतनीकरण न केलेले डोमेन परक्याने घेऊन तेथे जुगाराची जाहिरात मांडली, तरी सर्व्हर 200 हाच क्रमांक देतो. विद्यार्थ्यांसाठी दिलेल्या बाहेरच्या दुव्यांची यादी म्हणून प्रत्येक शैक्षणिक वर्षाच्या आरंभी शिक्षकाने स्वतः उघडून वाचावी.