औसा किल्ल्याचा वळणाचा प्रवेशमार्ग

औसा किल्ल्याचा वळणाचा प्रवेशमार्ग म्हणजे महाराष्ट्राच्या लातूर जिल्ह्यातील औसा येथील भुईकोट किल्ल्यात बाहेरचा लोहबंदी दरवाजा आणि आतील अहशमा दरवाजा यांच्यामधून जाणारी वाट होय. हे दोन दरवाजे एका सरळ रेषेत समोरासमोर नाहीत. बाहेरच्या दरवाजातून आत आलेल्या माणसाला समोर दुसरे दार दिसत नाही. त्याच्यासमोर दगडी भिंत येते आणि वळल्यावरच पुढची वाट सापडते. अशी रचना लातूर जिल्ह्यातील उदगीर व नांदेड जिल्ह्यातील कंधार या किल्ल्यांतही आहे. किल्ला पाहायला येणाऱ्यांचे लक्ष सहसा कमानीकडे, शिलालेखांकडे व बुरुजांवरील तोफांकडे जाते. पायाखालची वाट का वळली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक दरवाजाच्या संरक्षणाचा मोठा भार या वळणावरच होता.

स्थान व रचना

औसा हे गाव लातूर शहराच्या दक्षिणेस सुमारे 20 किलोमीटरवर आहे. किल्ला सपाटीवर असल्याने त्याला डोंगरी किल्ल्यासारखे कड्याचे किंवा चढणीचे संरक्षण नाही. ती उणीव रुंद खंदक व एकाआड एक दोन तटांनी भरून काढली आहे. खंदक ओलांडल्यावर बाहेरच्या तटातील लोहबंदी दरवाजा लागतो. त्यातून आत शिरले की दोन्ही बाजूंना उंच भिंती असलेल्या मोकळ्या जागेत आपण येतो आणि वळून आतील तटाच्या दरवाजाकडे जातो. दारांच्या मागे पहारेकऱ्यांसाठी देवड्या असत.

या दरवाजांची नावेही बोलकी आहेत. ‘लोहबंदी’ म्हणजे लोखंडाने बांधलेला, म्हणजेच लाकडी फळ्यांवर लोखंडी पट्ट्या किंवा पत्रे जडवलेला दरवाजा. ‘अहशाम’ हा फारसीतून आलेला मूळ अरबी शब्द असून लवाजमा व किल्ल्यावरील शिबंदी या दोन्ही अर्थांनी तो वापरला जाई. आतील दरवाजाच्या नावाचा संबंध या शिबंदीशी जोडता येतो.

वळण कशासाठी

तटाची भिंत दगडाची असली तरी दार लाकडाचेच करावे लागते, कारण ते रोज उघडायचे व मिटायचे असते. म्हणून कोणत्याही कोटात दार ही सर्वांत दुबळी जागा ठरते. दार कितीही जाड केले तरी त्यावर पुरेशा वेगाने पुरेसे वजन आदळले की ते फुटणारच. बांधणाऱ्यांनी दार जाड करण्याबरोबर दुसराही मार्ग धरला. आदळणाऱ्या वस्तूला वेगच मिळू नये, अशी त्यांनी वाट आखली.

दख्खनमध्ये दार फोडण्यासाठी हत्तीचा उपयोग होई. पूर्ण वाढलेला हत्ती तीन-चार टनांचा असतो. सरळ व लांब वाट मिळाली तर तो ताशी 20 किलोमीटरपर्यंत वेग घेऊ शकतो. वळणानंतर दारापर्यंत थोडीच जागा उरली, तर त्याचा वेग माणसाच्या चालीइतका, म्हणजे ताशी 5 किलोमीटरच्या आसपास राहतो. वेग चौपटीने कमी झाला, पण धडकेचा जोर चौपटीनेच कमी होत नाही. धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून ती सोळा पटींनी घटते. हत्ती तोच आणि दारही तेच, परंतु दहा-पंधरा पावलांची धाव काढून घेतल्याने त्याच्या धडकेतला सोळावा हिस्साच उरतो. ओंडक्याने दार ठोकणाऱ्या माणसांनाही हाच हिशेब लागू पडतो. लांब ओंडका खांद्यावर घेतलेल्या तुकडीला अरुंद जागेत वळणेही अवघड जाते.

धाव नसली तरी हत्ती कपाळ टेकवून दार रेटू शकतो, आणि त्या रेट्यावर वळणाचा काही उपाय चालत नाही. तेथे दुसरी सोय कामी येते, ती म्हणजे दारावर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला ठोकलेले अणकुचीदार खिळे. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर असे खिळे आजही पाहता येतात. त्यामागे दाराला आतून लावलेला जाड लाकडी अडसर असे. अशी कामाची विभागणी होती: वळण धाव मोडते, खिळे रेटा थोपवतात आणि उरलेला दाब अडसर पेलतो. खिळे डोळ्यांत भरतात म्हणून त्यांच्याविषयी जास्त बोलले जाते. पण दारासमोर सरळ वाट असती तर ते अपुरे पडले असते, हे लक्षात घ्यायला हवे.

तोफा प्रचारात आल्यावर वळणाला आणखी एक उपयोग सापडला. तोफेचा गोळा जवळजवळ सरळ रेषेत जातो. दोन्ही दरवाजे समोरासमोर असते, तर बाहेरचे दार पडल्यावर खंदकापलीकडच्या त्याच तोफेने आतले दारही फोडता आले असते. वळणामुळे तो गोळा समोरच्या दगडी भिंतीवर आदळतो. आतल्या दारावर मारा करायचा तर तोफ दोन तटांमधल्या जागेत ओढून आणावी लागते, म्हणजे बैलांच्या जोड्या लावलेला लांब गाडा अरुंद जागेत वळवावा लागतो, आणि तेही वरून मारा होत असताना.

हल्ला कसा अडतो

समजा, हल्लेखोरांनी खंदक ओलांडून लोहबंदी दरवाजा फोडला. जय मिळाला असे वाटून पुढची माणसे आत घुसतात, पण समोर भिंत पाहून थबकतात. मागच्यांना ती भिंत दिसत नाही, म्हणून ते पुढे रेटतच राहतात. वळणापाशी गर्दी दाटते आणि दोन्ही तटांच्या फांजीवर उभ्या असलेल्या शिबंदीला नेमकी ती गर्दीच हवी असते. चर्यांच्या आडून व जंग्यांमधून वरून गोळ्या, बाण व दगडांचा मारा होतो. आतला तट समोर आणि बाहेरचा पाठीशी असल्याने आडोशाला जागा उरत नाही. मराठी दुर्गशास्त्रात दरवाजासमोरील अशा बंदिस्त जागेला रणमंडळ म्हणतात आणि दाराला आडोसा देणाऱ्या बाहेरच्या भिंतीला जिभी म्हणतात.

वळताना ढालीचा हात कोणत्या बाजूला येतो यावर वाट डावीकडे की उजवीकडे वळवायची हे ठरत असे, असे वाटाडे हौसेने सांगतात. दख्खनमधील किल्ल्यांत दोन्ही दिशांची वळणे आढळतात, त्यामुळे हे स्पष्टीकरण सर्वत्र लागू पडत नाही. जमिनीचा उतार, खंदकाची रेषा आणि दोन्ही तटांमधील अंतर यांवरही दिशा अवलंबून असे.

ही कल्पना मराठवाड्यापुरती किंवा बहमनी काळापुरती मर्यादित नाही. खलिफा अल्-मन्सूरने इ.स. 762 मध्ये वसवायला घेतलेल्या बगदादच्या वर्तुळाकार नगराच्या वेशींतही वाट वळवलेली होती. काकतीयांच्या वरंगळ किल्ल्याच्या दगडी तटातील दरवाजांपुढेही काटकोनात वळणारे बंदिस्त चौक आहेत. शिवकालीन डोंगरी किल्ल्यांत हेच तत्त्व गोमुखी रचनेच्या रूपाने दिसते. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कवेत असल्याने अगदी जवळ जाईपर्यंत नजरेस पडत नाही. तेथे डोंगराची चढणच हत्तीची धाव रोखते. औशाला मात्र चढण नाही, त्यामुळे ते काम तटांनाच करावे लागले.

मर्यादा

वळणाची पहिली मर्यादा उघडच आहे. ते आतल्या दाराचे रक्षण करते, पण बाहेरचे दार शत्रूच्या समोरच राहते. म्हणून त्या दारावर लोखंड जडवावे लागले आणि खंदकाचा भरवसा धरावा लागला. दुसरी मर्यादा माणसांची आहे. फांजीवर शिबंदी नसेल तर वळण ही नुसती अडचण ठरते, सापळा होत नाही. आणि शत्रूने बाहेरच्या तटावर पाय रोवले, तर तोच चौक त्याला वरून दिसू लागतो. स्वतःच्या गाड्या, अंबारीचे हत्ती व तोफा आत-बाहेर नेतानाही वळण आड येई, त्यामुळे ते फार अरुंद करता येत नसे.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे, कारण या भागातील किल्ले पडले ते तिच्यामुळेच. 1631 मध्ये मोगल सरदार नसिरी खान याने निजामशाहीच्या कंधार किल्ल्याला कित्येक महिने वेढा घातला आणि तटाखाली सुरुंग खणले. पुढे खान-ए-दौरान ही पदवी मिळालेल्या याच सरदाराने 1636 मध्ये उदगीरला वेढा घातला. तेथेही त्याने सुरुंगांचा उपयोग केला. किल्लेदार सिद्दी मिफ्ताह याने सुमारे तीन महिने किल्ला लढवून तो स्वाधीन केला. त्यानंतर औसाही मोगलांकडे गेला. जानेवारी 1819 मध्ये नांदेड जिल्ह्याच्या हदगाव भागातील नोव्हा येथील हटकर नाईकांची गढी मेजर पिटमनच्या हाताखालील हैदराबादच्या फौजेने घेतली. तेव्हाही खंदकापर्यंत चर खणत नेऊन सुरुंग उडवण्यात आला.

वेढा घालणाऱ्यांनी एवढी मेहनत तटाखाली केली. महिनोन्‌महिने माती खणणे, सुरुंगात पाणी शिरण्याचा धोका पत्करणे आणि वरून होणारा मारा सोसणे हे सारे त्यांना वाट वळवलेल्या दरवाजापेक्षा परवडले. दरवाजा इतका कठीण करून ठेवला होता की शत्रूने त्याचा नाद सोडून दुसरी जागा शोधली. सुरुंगापुढे मात्र दाराची रचना निरुपयोगी होती.

प्रत्यक्ष पाहताना

पाहणाऱ्याने प्रथम लोहबंदी दरवाजाच्या उंबऱ्यावर मध्यभागी उभे राहून सरळ समोर पाहावे. आतले दार न दिसणे, हीच या रचनेची खूण आहे. मग वळणापर्यंत पावले मोजावीत आणि वळणापासून पुढच्या दारापर्यंतही मोजावीत. हत्तीला धावायला किती जागा उरली होती, हे दुसऱ्या आकड्यावरून कळते. वळणावर उभे राहून मान वर केली की कोणकोणत्या चर्यांतून आपण दिसतो हेही लक्षात येते.

चौकटीच्या आतल्या बाजूस, साधारण कमरेच्या किंवा छातीच्या उंचीवर, भिंतींत समोरासमोर दोन चौकोनी भोके असतात. त्यांपैकी एक उथळ असते आणि दुसरे भिंतीत खोलवर गेलेले असते. खोल भोकात अख्खा अडसर सरकवून ठेवत आणि दार मिटले की तो ओढून समोरच्या उथळ भोकात बसवत. ही भोके नेहमी दाराच्या मागे असतात. त्यामुळे दार नाहीसे झाले असले तरी कोणती बाजू आतली होती ते यावरून ठरवता येते. दाराच्या फळ्या बिजागऱ्यांऐवजी खुंट्यांवर फिरत. त्या खुंट्यांच्या गोल खोबणी उंबऱ्याच्या दगडात व वरच्या पाषाणात शोधाव्यात.

वळण मूळचे आहे की आडवी भिंत नंतर घातली आहे, हे सांध्यांवरून ओळखता येते. दोन भिंती एकाच वेळी बांधल्या असतील तर कोपऱ्यात त्यांचे दगड एका आड एक थरात परस्परांत गुंतलेले असतात. भिंत नंतरची असेल तर कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत एकच उभी सरळ फट दिसते. कोपऱ्यावर अलीकडचा गिलावा किंवा सिमेंट असेल तर ही कसोटी लागू पडत नाही. अशा वेळी गिलावा गळून पडलेली जागा पाहावी.