सोयाबीनचं पान पिवळं पडतं तेव्हा त्यातलं नेमकं काय जातं? कागदाची एक पट्टी सांगते ते

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात कळंब-वाशीपासून उमरग्यापर्यंत खरिपात सोयाबीनचं पीक दिसतं. पावसाची झड लागली, रानात पाणी साचलं की काही दिवसांत शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला जातो आणि 'हा कुठला रोग?' म्हणून विचारणा सुरू होते.

पण त्याआधीचा एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. हा पिवळा रंग आला कुठून?

तर तो कुठूनही आलेला नसतो, पानात आधीपासूनच असतो. हिरव्यागार पानातही कॅरोटीन आणि झँथोफिल ही पिवळी रंगद्रव्यं असतात. या दोघांच्या कुळाला कॅरोटिनॉइड म्हणतात. हिरव्या क्लोरोफिलचं प्रमाण जास्त असल्यामुळे ती डोळ्याला दिसत नाहीत, एवढंच. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांना माहीत असलेला एक प्रयोग उपयोगी पडतो, तो म्हणजे पेपर क्रोमॅटोग्राफी. कॉलेजात तो बहुधा पालकावर करतात, पण सोयाबीनच्या पानावरही होतो.

पट्टी कशी तयार करायची?

पान धुऊन नीट कोरडं करायचं. इथे आळस नको, कारण पाणी राहिलं की पुढे पट्टे फिसकटतात. साधारण १ ग्रॅम पान खलात घालून ५ मिलिलिटर ॲसिटोनमध्ये वाटायचं आणि गाळून घ्यायचं. मग फिल्टर पेपरची लांब पट्टी कापून खालच्या टोकापासून २ सेंटीमीटरवर पेन्सिलने रेघ मारायची. पेन चालत नाही, कारण शाईसुद्धा द्रावकाबरोबर वर चढते. रेघेच्या मध्यावर बारीक काचनळीने अर्काचा थेंब ठेवायचा, तो सुकू द्यायचा आणि त्याच जागी पुढचा थेंब. असे वीसेक थेंब देऊन ठिपका गडद करायचा, पण पसरू द्यायचा नाही.

द्रावक म्हणजे ९ भाग पेट्रोलियम ईथर आणि १ भाग ॲसिटोन. नावात पेट्रोलियम असलं तरी हे पंपावरचं पेट्रोल नव्हे. ते चटकन पेट घेतं, त्यामुळे प्रयोग प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर आणि आसपास ज्योत नसतानाच करायचा. बरणीत तळाला सेंटीमीटरभर द्रावक ओतून झाकण लावायचं. दहा-पंधरा मिनिटांत आत वाफ भरली की पट्टी उभी सोडायची. ठिपका द्रावकात बुडता कामा नये. बुडाला तर रंग वर चढण्याऐवजी तळातच उतरतो.

द्रावक वर चढू लागतो आणि ठिपक्यातले रंग एकमेकांपासून सुटतात. कॅरोटीनमध्ये फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतो. कागदाशी त्याची जवळीक नाही, म्हणून ते द्रावकाच्या जोडीने थेट वर पोचतं. क्लोरोफिल-बी कागदाला सगळ्यात जास्त चिकटतं, म्हणून मागे पडतं. वरून खाली पाहिलं तर आधी नारिंगी-पिवळं कॅरोटीन, मग पिवळं झँथोफिल, त्याखाली निळसर हिरवं क्लोरोफिल-ए आणि तळाला पोपटी क्लोरोफिल-बी दिसतं.

द्रावक वरच्या कडेपासून थोडा खाली असतानाच पट्टी बाहेर काढायची आणि तो जिथवर चढला तिथे त्याच क्षणी पेन्सिलने खूण करायची. पेट्रोलियम ईथर बघता बघता उडून जातो. मग ती ओली कड सापडत नाही आणि हिशेबाचा आधारच जातो. पट्ट्यांच्याही कडा लगेच आखून मोबाईलवर फोटो काढलेला बरा, कारण उजेडात हे रंग फिके पडतात.

आरएफ कसा काढायचा?

आरएफ म्हणजे रंगद्रव्याने कापलेलं अंतर भागिले द्रावकाने कापलेलं अंतर. दोन्ही अंतरं पेन्सिलच्या रेघेपासून मोजायची आणि रंगाच्या बाबतीत पट्ट्याच्या मध्यापर्यंत.

समजा, द्रावक रेघेपासून १२ सेंटीमीटर चढला. कॅरोटीन ११.४ वर आहे, म्हणजे आरएफ ०.९५. झँथोफिल ८.६ वर, म्हणजे ०.७२. क्लोरोफिल-ए ७.७ वर, म्हणजे ०.६४ आणि क्लोरोफिल-बी ५.५ वर, म्हणजे ०.४६. याच द्रावकासाठी पुस्तकांत साधारण ०.९५, ०.७१, ०.६५ आणि ०.४५ असे आकडे छापलेले असतात. आपले त्यांच्या आसपास आले, त्यामुळे ओळख पटली.

आता गंमत बघा. कुणी हीच अंतरं रेघेपासून न मोजता कागदाच्या खालच्या कडेपासून मोजली तर प्रत्येकात २ सेंटीमीटर वाढतात. क्लोरोफिल-ए साठी ९.७ भागिले १४, म्हणजे ०.६९ येतं. हा आकडा झँथोफिलजवळ जातो! पट्टा समोर हिरवागार दिसतोय आणि वहीत मात्र तो 'झँथोफिल' ठरतोय. म्हणून आधी रंग आणि क्रम बघायचा, मग आकडा. द्रावकाचं प्रमाण, कागद किंवा तापमान बदललं की आरएफही थोडा सरकतो. आपला आकडा पुस्तकाशी जुळावा म्हणून खोडून बदलणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे, पण त्याने प्रयोगाचा अर्थच जातो.

कधी कधी कॅरोटीन आणि झँथोफिलच्या मध्ये एक राखाडी पट्टा दिसतो. ते पाचवं रंगद्रव्य नसतं. क्लोरोफिलच्या मधोमध असलेला मॅग्नेशियम निघून गेला की फिओफायटिन बनतं, तेच हे. हा पट्टा ठळक आला तर समजायचं की पान शिळं होतं, तापलं होतं किंवा अर्क फार वेळ पडून होता.

आता पिवळं पान

हिरवं आणि पिवळं पान सारख्याच वजनाचं घ्या, ॲसिटोन सारखं, थेंबही मोजून सारखे. दोन्ही पट्ट्यांवर क्लोरोफिल-ए साधारण त्याच आरएफवर येईल. फरक दिसेल तो गडदपणात. पिवळ्या पानाचे हिरवे पट्टे फिके पडलेले असतात, तर पिवळे पट्टे त्या मानाने टिकून असतात. पिवळी द्रव्यंही कमी होतात, पण हिरव्याइतकी नाही. आरएफ सांगतो 'हे कोण आहे'. 'किती आहे' ते त्याला विचारायचं नसतं. त्याचा अंदाज पट्ट्याच्या गडदपणावरून येतो आणि नेमकं प्रमाण हवं असेल तर स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो.

मग हा रोग कुठला, ते पट्टी सांगेल का? नाही. चुनखडीच्या काळ्या जमिनीत पिकाला लोह मिळेनासं होतं. लोह क्लोरोफिलच्या रेणूत नसतं, पण त्याच्याशिवाय क्लोरोफिल बनत नाही, म्हणून कोवळं पान शिरांमधून पिवळं पडतं. पांढरी माशी पसरवते त्या पिवळ्या मोझॅकमध्येही हिरवं कमी होतं आणि काढणीच्या सुमारास पान आपोआप पिकतं तेव्हाही. तिन्ही वेळा कागदावर जवळपास एकच चित्र उमटतं. पिवळेपणा शेंड्याकडे आहे की खाली, शिरा हिरव्या आहेत की पानावर वेडेवाकडे ठिपके आहेत, हे झाडावरच बघावं लागतं.