छोटे सभागृह : दृष्टिरेषा, आसनांचा चढ व बाहेर पडण्याच्या वाटा

शे-दीडशे माणसांच्या सभागृहात किंवा महाविद्यालयाच्या व्याख्यानगृहात मागे बसलेल्याला पुढचे किती दिसेल आणि प्रसंग आला तर सगळे किती लवकर बाहेर पडतील, हे दोन प्रश्न आराखड्यात बहुधा वेगवेगळ्या टप्प्यांवर सोडवले जातात. प्रत्यक्षात ते एकाच गणिताचे दोन भाग आहेत. नीट दिसावे म्हणून रांगा उंचावल्या की मार्गिकेत पायऱ्या येतात, मागचे दार वर जाते आणि शेवटची रांग छताच्या जवळ पोहोचते.

दृष्टिरेषा. प्रेक्षकाच्या डोळ्यापासून त्याला दिसायलाच हवा अशा सर्वांत खालच्या बिंदूपर्यंतची सरळ रेषा म्हणजे दृष्टिरेषा. या बिंदूला येथे लक्ष्यबिंदू म्हटले आहे. पुढच्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीपासून ही रेषा जितकी वरून जाते, ते अंतर म्हणजे मोकळीक. माणसाच्या डोळ्यापासून टाळूपर्यंतचे अंतर साधारण १२ सेंमी. धरतात. म्हणून मोकळीक १२ सेंमी. असेल तर प्रत्येकाला थेट पुढच्याच्या डोक्यावरून दिसते. खुर्च्या एकाआड एक रांगेत अर्ध्या खुर्चीने सरकवल्या, तर पुढच्या दोन डोक्यांच्या फटीतून पाहता येते आणि अडथळा त्याच्याही पुढच्या रांगेतल्या डोक्याचा उरतो. अशा मांडणीत दर रांगेला ६ सेंमी. मोकळीक पुरते.

चढ किती असावा, हे सर्वांत आधी लक्ष्यबिंदूवर ठरते. व्याख्यानात फळ्याची खालची कड दिसली तरी चालते. विज्ञानाच्या वर्गात प्रयोगाच्या टेबलाचा पृष्ठभाग दिसावा लागतो, तर कथक किंवा लावणी असेल तर पावले. लक्ष्यबिंदू जितका खाली आणि पहिल्या रांगेच्या जितका जवळ, तितका चढ अधिक लागतो.

चढाचे गणित. उदाहरणादाखल दहा रांगांचे व्याख्यानगृह घेऊ. दोन रांगांमधले अंतर ९० सेंमी., बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून ११५ सेंमी. उंच. लक्ष्यबिंदू म्हणजे ९० सेंमी. उंचीच्या प्रयोगाच्या टेबलाची कड, आणि ती पहिल्या रांगेतल्या डोळ्यापासून ३ मी. दूर. म्हणजे पहिल्या रांगेचा डोळा लक्ष्यबिंदूपेक्षा २५ सेंमी. उंच आहे. पुढची प्रत्येक उंची एकाच रीतीने निघते: पुढच्या रांगेच्या डोळ्याची लक्ष्यबिंदूपासूनची उंची घ्यावी, तीत मोकळीक मिळवावी, आणि बेरजेला मागच्या रांगेच्या अंतराने गुणून पुढच्या रांगेच्या अंतराने भागावे. दुसऱ्या रांगेसाठी ६ सेंमी. मोकळीक धरली तर (२५ + ६) × ३.९ ÷ ३ = ४०.३ सेंमी. येते. पहिल्या रांगेहून ती १५.३ सेंमी. अधिक आहे, तेव्हा दुसरी रांग तेवढी उचलायची.

असे करत गेल्यास दर रांगेचा चढ १५.३ सेंमी.पासून वाढत शेवटी २२ सेंमी.पर्यंत जातो आणि दहावी रांग पहिलीपेक्षा १७३ सेंमी. उंच येते. खुर्च्या सरकवल्या नाहीत आणि १२ सेंमी. मोकळीक हवी असेल, तर हाच चढ २३ सेंमी.पासून ३६.६ सेंमी.पर्यंत जातो आणि एकूण उंची २७८ सेंमी. होते. अर्ध्या खुर्चीच्या सरकवण्याने मीटरभराहून अधिक उंची वाचते. त्यासाठी एकाआड एक रांगेत एक खुर्ची कमी बसते, इतकीच किंमत.

आता त्याच गृहात लक्ष्यबिंदू बदलून पाहू. टेबलाऐवजी १२० सेंमी. उंचीवर फळ्याची खालची कड, तीही ४ मी. दूर, असे धरले तर ६ सेंमी. मोकळीकीसाठी एकूण चढ फक्त सुमारे ८६ सेंमी. लागतो. म्हणून फळ्याचा विचार करून बांधलेल्या गृहात पुढे प्रयोग मांडला की मागचे विद्यार्थी उभे राहू लागतात. अशा वेळी टेबल चौथऱ्यावर चढवल्याने काम भागते, कारण चौथऱ्याने लक्ष्यबिंदूच वर जातो.

वक्र की सरळ उतार. वरच्या गणितातून निघणारी रेषा सरळ नसते, मागे जाताना ती वर वळते. ही गोष्ट स्कॉटिश अभियंता जॉन स्कॉट रसेल याने १८३८ मध्ये मांडली. ज्या वक्रावर बसलेल्या प्रत्येकाला सारखेच ऐकू येते व दिसते, असा वक्र त्याने सुचवला. शिकागोच्या १८८९ च्या ऑडिटोरियम इमारतीत अ‍ॅडलर व सलिव्हन यांनी त्याचा उपयोग केला.

ठेकेदाराला मात्र सरळ उतार सोपा वाटतो. वरच्याच गृहात प्रत्येक रांग सारखी १९ सेंमी. उचलली, तर एकूण उंची १७१ सेंमी. होते, म्हणजे वक्राइतकीच. पण मोकळीक पुढे ८.८ सेंमी. आणि शेवटच्या रांगेला केवळ ३ सेंमी. मिळते. खर्च तोच, आणि सर्वांत दूर बसलेल्याला सर्वांत कमी दिसते. सभागृहांच्या ध्वनियोजनेविषयीचे १९६३ चे भारतीय मानक २५२६ उताराचा कोन किमान ८ अंश असावा असे सांगते. ९० सेंमी. रांगेसाठी हा चढ साधारण १२.६ सेंमी. भरतो. फळ्यासाठी तो बहुतांशी पुरेसा आहे. टेबलासाठी शेवटच्या रांगेला त्यातून दीड सेंमी.ही मोकळीक उरत नाही.

मधला मार्ग गटांचा आहे. पहिल्या तीन टप्प्यांना १७ सेंमी., पुढच्या तीनांना १९.५ आणि शेवटच्या तीनांना २१.५ सेंमी. चढ दिला, तर एकूण उंची १७४ सेंमी. होते आणि मोकळीक कुठल्याही रांगेत ५ सेंमी.च्या खाली जात नाही. साच्याचे तीनच प्रकार लागतात आणि वक्राचा बहुतेक फायदा पदरात पडतो.

मार्गिकेतल्या पायऱ्या. रांगांचा चढ शेवटी मार्गिकेत पायरी होऊन उतरतो. २१.५ सेंमी.ची पायरी वृद्धांना जड जाते आणि अंधारात चुकते. राष्ट्रीय इमारत संहिता सार्वजनिक इमारतींच्या जिन्यातली पायरी १५ सेंमी.पेक्षा उंच नसावी आणि पाय ठेवण्याची जागा ३० सेंमी.पेक्षा कमी नसावी, असे सांगते. म्हणून मार्गिकेत दर रांगेला दोन पायऱ्या कराव्यात. त्या ८.५ ते १०.८ सेंमी. उंच आणि ४५ सेंमी. खोल येतात. १२ सेंमी. मोकळीकीच्या गृहात शेवटचा चढ ३६.६ सेंमी. असल्याने दोन पायऱ्यांतही तो बसत नाही. तिथे दर रांगेला तीन पायऱ्या लागतात आणि प्रत्येकीची खोली नेमकी ३० सेंमी. उरते. म्हणजे मार्गिका खराखुरा जिनाच होते. मोकळीक ठरवताना बाहेर पडण्याचा वेग असा नकळत ठरून जातो.

माणूस पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत उंची पायाने ओळखतो आणि पुढे न पाहता चालतो. ठेच लागते ती चढ बदलतो तिथे. तीन गटांच्या गृहात असे दोन सांधे येतात. त्यामुळे प्रत्येक पायरीच्या कडेला उठून दिसणारी पट्टी लावावीच, आणि या सांध्यांवर कडेचा दिवाही असावा. पायरी जितकी बुटकी, तितकी ती नजरेतून निसटते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

दारे. या गृहात बारा व अकरा खुर्च्यांच्या रांगा आलटून-पालटून लावल्या तर ११५ आसने होतात. मार्गिका दोन्ही बाजूंना असल्यास मधल्या माणसाला फार तर पाच जणांपुढून जावे लागते. एका बाजूची मार्गिका बंद केली, तर कडेच्या माणसाला अकरा जण ओलांडावे लागतात. इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत सपाट वाटेसाठी माणशी ६.५ मिमी. आणि जिन्यासाठी १० मिमी. रुंदी धरली आहे. ११५ माणसांना त्या हिशेबाने सपाट दार ७५ सेंमी., तर जिना ११५ सेंमी. लागतो. पण सभागृह वर्गातल्या इमारतींच्या दारासाठी संहिता किमान २ मी. रुंदी मागते, कारण गर्दी दारापाशी रांगेने येत नाही.

दारे दोन हवीत आणि ती एकमेकांपासून दूर हवीत. शेजारी-शेजारी असलेली दोन दारे धुरापुढे एकच ठरतात. छोट्या गृहात नेहमी आढळणारा दोष म्हणजे दोन्ही दारे मागे, वरच्या पातळीवर असणे. उशिरा येणाऱ्यांमुळे व्याख्यानात व्यत्यय येत नाही, म्हणून ही रचना आवडते. पण धूर छताखाली साठतो आणि चढामुळे शेवटची रांग छताला सर्वांत जवळ असते. पुढच्या रांगांतल्या माणसांना अशा वेळी पायऱ्या चढून धुरात शिरावे लागते. म्हणून एक दार पुढे, व्यासपीठाच्या बाजूला खालच्या पातळीवर असावे. चाकाच्या खुर्चीसाठीही हेच दार उपयोगी, कारण मागची १७४ सेंमी. उंची १:१२ च्या उताराने गाठायची तर २१ मी. लांब रॅम्प लागतो.

दारे बाहेर उघडणारी असावीत आणि कार्यक्रम चालू असताना त्यांना कडी-कुलूप नसावे. इंग्लंडमधील संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये १६ जून १८८३ रोजी जिन्याच्या पायथ्याचे दार एका वेळी एकच मूल जाईल इतकी फट ठेवून अडकवले होते. तिथे १८३ मुले चेंगरून मेली. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ जण गेले, बहुतेक धुराने गुदमरून. तिथे बाल्कनीच्या उजव्या बाजूची मार्गिका जादा खुर्च्यांनी बंद केलेली होती आणि त्या बाजूच्या दारापुढे आठ आसनांचा बॉक्स बांधलेला होता. आराखड्यात असलेली वाट नंतरच्या खुर्च्यांनी खाल्ली होती.

तपासणी. बांधून झालेले गृह दोरीने तपासता येते. लक्ष्यबिंदूला दोरीचे टोक बांधून दुसरे टोक रांगेत बसलेल्या माणसाच्या डोळ्याशी ताणून धरावे आणि पुढच्या रांगेत बसलेल्याच्या डोळ्यापासून दोरी किती वर आहे ते मोजावे. दुसरी, मधली आणि शेवटची रांग मोजली तरी उतार सरळ आहे की वक्र हे कळते: मागे जाताना अंतर घटत असेल तर उतार सरळ आहे. वाटांसाठी मंजूर नकाशातली आसने आणि आज प्रत्यक्ष मांडलेली आसने मोजून ताडून पाहावीत. संख्या वाढलेली आढळली, तर त्या खुर्च्या कोणत्या मार्गिकेत बसल्या ते शोधावे.