लाभांश धोरण व भागांची पुनर्खरेदी

नफ्यापैकी किती रक्कम भागधारकांना वाटावी व किती व्यवसायात राखावी, यासंबंधीच्या कंपनीच्या निर्णयास लाभांश धोरण म्हणतात. सढळ लाभांश देणाऱ्या कंपनीच्या भागांस अधिक भाव मिळतो, असा समज शेअर-बाजारात दीर्घकाळ रूढ होता. मर्टन मिलर व फ्रँको मोदिल्यानी या अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये त्यास आव्हान दिले. कर व दलाली नाही, सर्वांना सारखीच माहिती आहे आणि कंपनीची गुंतवणूक आधीच ठरलेली आहे, अशा परिपूर्ण बाजारात लाभांशाच्या प्रमाणामुळे कंपनीचे मूल्य बदलत नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

समजा, एका कर्जमुक्त कंपनीचे १,००० भाग असून तिचे एकूण मूल्य १ लाख रुपये आहे. त्यात १०,००० रुपये रोख आहेत. प्रत्येक भागाची किंमत १०० रुपये होते. दर भागास १० रुपये लाभांश दिल्यास भागाची किंमत ९० रुपयांवर येते. परंतु १० रुपये धारकाच्या हाती पडलेले असतात. त्याऐवजी कंपनीने १०० रुपये दराने १०० भाग परत विकत घेतल्यास ९०,००० रुपये मूल्याचे ९०० भाग उरतात व किंमत १०० रुपयेच राहते. ती रोख रक्कम यंत्रसामग्रीसाठी हवी असेल, तर लाभांश दिल्यानंतर ९० रुपये दराने नवे भाग विकून ती उभारता येते; जुन्या भागधारकांची संपत्ती तेवढीच राहते. पुनर्खरेदीने दर भागामागील नफा वाढलेला दिसतो, पण तो भाजक घटल्याचा परिणाम होय.

तरीही लाभांश घटताच भाव का कोसळतात? जॉन लिंटनर यांना १९५६ मध्ये असे आढळले होते, की व्यवस्थापक पुढे टिकवता येईल अशी खात्री असल्याशिवाय लाभांश वाढवीत नाहीत. साहजिकच त्यातील बदल भावी उत्पन्नाचा संकेत मानला जातो. मिलर व मोदिल्यानी यांनीही हे मान्य केले होते. सुदीप्तो भट्टाचार्य यांनी १९७९ मध्ये या विचारास गणिती रूप दिले : उत्पन्न अपुरे पडल्यास मोठ्या लाभांशासाठी महागडे बाह्य भांडवल उभारावे लागते, म्हणून दुबळ्या कंपनीस हा संकेत खोटा देणे परवडत नाही.

अमेरिकेतील फ्लॉरिडा पॉवर अँड लाइट या वीजपुरवठा कंपनीची मालकी असलेल्या एफपीएल समूहाचा अनुभव या दृष्टीने बोधक आहे. सलग ४७ वर्षे लाभांश वाढविल्यानंतर मे १९९४ मध्ये समूहाने तिमाही लाभांश ६२ सेंटवरून ४२ सेंटवर आणला आणि त्याचबरोबर तीन वर्षांत १ कोटीपर्यंत भागांच्या पुनर्खरेदीची योजना जाहीर केली. त्या दिवशी भाव सुमारे १४ टक्के उतरला. नफ्याच्या सुमारे ९० टक्के वाटप हे स्पर्धेस खुल्या होऊ घातलेल्या वीजव्यवसायात पेलणारे नाही, हे कारण विश्लेषकांस पटल्यावर महिन्याअखेर तो जवळपास पूर्वपातळीस आला. बाजाराने प्रथम कपातीचा अर्थ आर्थिक संकट असा लावला होता. तसे संकट मात्र नव्हते.